ठिगळावरचा उजेड

१९४४ च्या हिवाळ्यात अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळ सलग चार पहाटे कॅमेरा घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले. पाचव्या दिवशी कडाक्याच्या थंडीत त्यांनी गाडीच्या टपावरच्या फळीवर आपला मोठा कॅमेरा पुन्हा मांडला. मागे सिएरा नेवाडाची बर्फाची शिखरे उजळली होती. मधल्या टेकड्या अजून काळोखात होत्या. पुढच्या कुरणात एक घोडा चरत होता, पण पाठ करून. कुरणावर उन्हाचा पट्टा उतरला तेव्हा ऐनवेळी घोडा वळला, आडवा उभा राहिला, आणि अ‍ॅडम्स यांनी छायाचित्र घेतले. ‘विंटर सनराइझ’ या नावाने ते जगभर गाजले.

त्या छायाचित्रात एक गोष्ट दिसत नाही. डावीकडच्या काळ्या टेकडीवर गावातल्या शाळेच्या मुलांनी चुन्याने ‘एल’ आणि ‘पी’ अशी दोन अवाढव्य अक्षरे रंगवली होती. लोन पाइनची आद्याक्षरे. निगेटिव्हवर ती उमटली होती. अ‍ॅडम्स यांनी ती काढून टाकली. हे त्यांनी लपवले नाही. १९८३ मध्ये आपल्या चाळीस छायाचित्रांची जन्मकथा सांगणारे पुस्तक त्यांनी काढले, त्यात स्पष्ट लिहिले की निगेटिव्हवरून जेवढी निघाली तेवढी अक्षरे काढली, आणि जो मागमूस उरला तो प्रत्येक प्रतीवर रंगाच्या ठिपक्यांनी बुजवला. काहींनी त्याबद्दल नावे ठेवली, हेही त्यांनी नोंदवले आहे.

जुनी छायाचित्रे पुरावा म्हणून वापरणाऱ्या माझ्यासारख्याला यात वस्तू काढण्यापेक्षा पुढच्या कामाचे कुतूहल अधिक आहे. वस्तू गेली की तिच्या जागी ठिगळ लागते. त्या ठिगळावर उजेड कुठून आणायचा? हा उजेड परत रंगवण्याची क्रिया डार्करूममध्ये आणि आज संगणकावर ज्या दोन शब्दांनी ओळखली जाते ते शब्द म्हणजे डॉजिंग आणि बर्निंग.

दोन्ही शब्दांचा अर्थ साधा आहे. एन्लार्जरमधून निगेटिव्हची प्रतिमा कागदावर पडत असते. जिथे जास्त प्रकाश पडेल तिथे कागद जास्त काळा होतो. समजा, पूर्ण चित्राला वीस सेकंद प्रकाश द्यायचा आहे. त्यातली पाच सेकंदे तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची छोटी चकती एखाद्या भागावर धरली, तर त्या भागाला पंधराच सेकंद मिळतात आणि तो उजळ निघतो. हे डॉजिंग. उलट, वीस सेकंद संपल्यावर पुठ्ठ्याला भोक पाडून किंवा दोन्ही हातांची ओंजळ करून एकाच भागावर आणखी दहा सेकंद प्रकाश सोडला, तर तो भाग गडद होतो. हे बर्निंग. चकती किंवा हात सतत हलता ठेवावा लागतो. तो क्षणभर जरी स्थिर राहिला तरी त्याची कड कागदावर उमटते आणि चोरी पकडली जाते.

ही कड पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

आता अक्षरांकडे वळू. निगेटिव्हवर सगळे उलटे असते. टेकडीवरची पांढरी अक्षरे तिथे दाट काळ्या चांदीच्या रूपात असतात आणि सावलीतली टेकडी जवळजवळ पारदर्शक असते. म्हणजे अक्षरे घालवायची तर निगेटिव्हवरची चांदी कमी करायला हवी. त्या काळी याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे बारीक धारदार पात्याने थर खरवडणे, दुसरा म्हणजे चांदी विरघळवणारे रसायन ब्रशने लावणे. दोन्हींत धोका एकच. चांदी थोडी जास्त निघाली की ती जागा प्रतीवर भोवतालापेक्षाही काळी होते, आणि पांढऱ्या अक्षराच्या जागी काळे अक्षर दिसू लागते. चांदी थोडी कमी निघाली तर अक्षराचा फिका आभास उरतो. शहाणा माणूस दुसऱ्या बाजूला चुकतो, कारण उरलेला फिका डाग प्रतीवर बारीक ब्रशने, काळसर रंगाचा एकेक ठिपका देऊन बुजवता येतो. कागदावरचा काळा डाग फिका करणे त्याहून कितीतरी अवघड असते. अ‍ॅडम्स यांनी काम निगेटिव्ह आणि प्रत असे दोन ठिकाणी का विभागले, ते यावरून समजते. निगेटिव्हही साधारण वीस बाय पंचवीस सेंटीमीटर आकाराची होती, त्यामुळे हाताला जागा मिळाली.

पण त्यांना खरी मदत झाली ती टेकडीच्या काळोखाची. कुठलीही वस्तू छायाचित्रात एकटी नसते. तिचा स्वतःचा उजेड असतो, ती शेजारी सावली टाकते, आणि तिच्यावरून परतलेला प्रकाश आजूबाजूला पसरतो. वस्तू काढली तरी तिची सावली आणि हा परतलेला प्रकाश मागे राहतात. सावलीतल्या डोंगरउतारावर फासलेल्या चुन्याला उंची नव्हती, म्हणून त्याची सावली नव्हती. त्याच्यावर ऊन पडलेले नव्हते, म्हणून परतलेला प्रकाश नगण्य होता. आणि भोवतालची टेकडी इतकी गडद छापायची होती की तिच्यात चढउतार फारसे नव्हतेच. बर्निंग करून पूर्ण टेकडी एका गडद सुरात आणली की ठिगळ त्यात मुरून जाते. या सोयी नसत्या तर काय झाले असते, याचे उदाहरण त्याच काळात, त्याच राज्यात आहे.

मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले. ‘मायग्रंट मदर’ या नावाने ते आपल्याकडच्याही अनेकांना माहीत आहे. कपाळावर आठ्या, गालाशी टेकलेला हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुले, मांडीवर तान्हे. लँग तेव्हा सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी काम करत होत्या. मूळ चित्रात उजव्या खालच्या कोपऱ्यात, अगदी पुढे, तंबूचा खांब आहे आणि त्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा आहे. तो कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने पुसट, फोकसबाहेर आलेला आहे. पुढे काही वर्षांनी लँग यांनी निगेटिव्हवरून हा अंगठा काढून घेतला. खात्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ही ढवळाढवळ पसंत पडली नाही. त्यांच्या दृष्टीने ती निगेटिव्ह सरकारी दस्तऐवज होती.

नंतरच्या चांगल्या प्रती नीट पाहिल्या तर अंगठा पूर्ण गेलेला नाही. त्याचा अंधुक आकार, भुतासारखा, खांबापाशी अजून आहे. जगातल्या सर्वाधिक छापल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी एकात हे ठिगळ उघड्यावर आहे. सुदैवाने बदलापूर्वी काढलेली प्रतही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपली आहे. दोन्ही आवृत्त्यांचे मोठे स्कॅन त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतात. हे भूत का उरले ते समजून घ्यायला मी बदलापूर्वीच्या प्रतीचा स्कॅन घेतला आणि तोच अंगठा संगणकावर स्वतः काढून पाहिला. तीन संध्याकाळी गेल्या.

पहिल्या संध्याकाळी अंगठ्याच्या दिसणाऱ्या कडेवर नेमके कापून मी खांबाचा वरचा भाग उचलून खाली बसवला. खांब उभा असल्याने ठिगळ सरळ खाली सरकवले की खांबाच्या दोन्ही कडा जुळतात. तरीही अंगठ्याची बाह्यरेखा तशीच राहिली, फिक्या वलयासारखी. कारण समजायला वेळ लागला. फोकसबाहेरच्या वस्तूला खरी कड नसतेच. तिच्या कडेला एक पट्टा असतो, त्यात वस्तूचा आणि मागच्या पार्श्वभूमीचा प्रकाश मिसळलेला असतो. डोळा त्या पट्ट्याच्या मध्ये कुठेतरी कड मानतो. मी त्या मानलेल्या कडेवर कापले, म्हणून पट्ट्याचा बाहेरचा अर्धा भाग, म्हणजे अर्धा अंगठाच, चित्रात राहिला. निगेटिव्हवर पाते किंवा ब्रश चालवणाऱ्या हातालाही हीच फसगत होते. दिसणाऱ्या आकाराच्या आत तो बरोबर काम करतो आणि आकार बाहेरून उरतो.

दुसऱ्या संध्याकाळी ठिगळ चांगले मोठे घेतले, पुसट पट्टा संपतो तिथपर्यंत. वलय गेले. पण आता जुन्या विटलेल्या सदऱ्याला नव्या कापडाचे ठिगळ लावावे तसा तो भाग उठून दिसू लागला. वरून आणलेल्या तुकड्याने आपल्याबरोबर वरचा उजेडही आणला होता. पोत बरोबर आणि प्रकाश चुकीचा, अशी ही अवस्था असते, आणि डॉजिंग-बर्निंगचे काम इथे सुरू होते.

यासाठी फोटोशॉपमध्ये चकतीच्या आणि ओंजळ केलेल्या हाताच्या चित्राची दोन साधने आहेत. ही चित्रे डार्करूममधूनच आली. १९९० मध्ये बाजारात आलेला हा प्रोग्राम तयार करणाऱ्या थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या घरी वडिलांची तळघरातली डार्करूम होती. पण ही साधने थेट चित्रावर चालतात आणि चूक तिथेच गोठते. त्याऐवजी चित्रावर एक वेगळा थर घ्यावा, तो पन्नास टक्के करड्या रंगाने भरावा आणि त्याची मिश्रणपद्धत ‘ओव्हरले’ करावी. या पद्धतीत मधला करडा रंग चित्रावर काहीच परिणाम करत नाही. त्या थरावर मऊ ब्रशने काळा फिरवला की खालचे चित्र गडद होते, पांढरा फिरवला की उजळते. मूळ चित्र अस्पर्श राहते आणि कुठे किती हात फिरला याचा नकाशा त्या थरात जपला जातो.

ब्रश उचलण्याआधी मोजणी करावी. संगणकावर काळ्याची किंमत शून्य आणि पांढऱ्याची २५५ असते. समजा, ठिगळाच्या लगेच वर खांबाची किंमत १४० आहे आणि लगेच खाली ११०. म्हणजे मूळ खांबावर प्रकाश वरून खाली हळूहळू उतरत होता. ठिगळ मात्र सगळीकडे साधारण १४० चे आहे. तर त्याच्या वरच्या टोकाला काहीच करायचे नाही, मध्यावर ते १२५ पर्यंत आणि खालच्या टोकाला ११० पर्यंत गडद करायचे. खांब गोल असल्याने हीच मोजणी त्याच्या उजळ बाजूला आणि सावलीच्या बाजूला वेगवेगळी करावी लागते. त्यानंतर ब्रशची तीव्रता पाच टक्क्यांवर ठेवून, एकेक हात देत, दर चार-पाच हातांनी पुन्हा मोजत जायचे. डोळ्यावर विसंबलो तर शेजारच्या गडद भागामुळे फसायला होते.

इथे मी दुसरी चूक केली आणि तिने मला सगळ्यांत जास्त शिकवले. ब्रश ठिगळाच्या बाहेर जाऊ नये म्हणून मी ठिगळाभोवती कुंपण घातले. मूळ चित्राला धक्का लागू नये, हा प्रामाणिक हेतू. आकडे जुळले, पण कुंपणाची रेघ दिसू लागली. डार्करूममध्ये स्थिर राहिलेल्या हाताची कड उमटते, तशीच. उजेड ठिगळाची हद्द मानत नाही. तो खांबावरून, मागच्या कापडावरून सलग वाहतो, आणि तो सलग दिसायचा असेल तर ब्रशही हद्द ओलांडून शेजारच्या खऱ्या भागावर गेला पाहिजे. शिवाय अंगठ्याच्या स्पर्शाची सावली खांबावर ठिगळाच्या बाहेरही पडलेली होती. अंगठा नाही म्हटल्यावर ती सावली टाकणारे कुणी उरत नाही, म्हणून ती पांढऱ्या ब्रशने उजळावी लागली. तिसऱ्या संध्याकाळी कुंपण काढले, ब्रशचा आकार ठिगळाच्या दुप्पट केला, आणि तासाभरात ठिगळ दिसेनासे झाले.

मग मी करडा थर एकटाच उघडून पाहिला. काढलेला अंगठा छोटा होता. पण मी हात फिरवलेला भाग त्याच्या चौपटीहून मोठा निघाला. हिशोब साधाच आहे, त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते. याचा अर्थ, ठिगळ जितके उत्तम लपते तितका त्याच्या भोवतीचा खरा पुरावा जास्त बदललेला असतो. लँग यांचे ठिगळ अर्धवट दिसते, कारण बदल अंगठ्यापाशीच थांबला. माझे दिसत नाही, कारण मी खांबाचा आणि कापडाचा खरा उजेडही थोडा थोडा पुन्हा रंगवला.

या कामाला मर्यादा आहेत, आणि जुने छायाचित्र तपासणाऱ्याला त्याच उपयोगी पडतात. डॉजिंग आणि बर्निंग असलेल्या तपशिलाचा उजेड बदलू शकतात, नसलेला तपशील आणू शकत नाहीत. निगेटिव्हचा रिकामा भाग डॉज केला तर पोत येत नाही, नुसती राखाडी धूळ येते. संगणकावर पूर्ण काळ्या भागावर ओव्हरलेने कितीही पांढरा फिरवला तरी शून्य ते शून्यच राहते. दुसरी खूण कणांची. फिल्मचे कण चित्रभर सारख्या स्वभावाचे असतात. सावली बरीच उजळली की कण भडक दिसू लागतात, आणि पोत पुसून टाकणारे साधन वापरले असेल तर ते गुळगुळीत होतात. म्हणून संशय आला की मी आधी चित्र आरशातल्यासारखे उलटे करतो, म्हणजे सवयीचा डोळा मोडतो. मग ते काडेपेटीएवढे लहान करून पाहतो. लहान आकारात तपशील हरवतात आणि उजेडाचे चुकलेले ओघ उघडे पडतात. शेवटी सावल्या मुद्दाम अतोनात उजळून कण पाहतो. काळ्या टेकडीत मुरलेले ठिगळ पकडायला हाच उपाय, पण तो चांगल्या स्कॅनवरच चालतो. छापील पुस्तकातल्या चित्रात शाईचे ठिपके कणांची साक्ष पुसून टाकतात.

लँग आणि अ‍ॅडम्स एकमेकांना चांगले ओळखत. लोन पाइनजवळच्याच मांझनार छावणीत, जिथे युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबले होते, तिथे लँग यांनी १९४२ मध्ये छायाचित्रे घेतली. पुढच्या दोन वर्षांत अ‍ॅडम्स यांनीही तिथे काम केले. ‘विंटर सनराइझ’ त्याच खेपांमधले आहे. तेव्हा एकाला कलावंत आणि दुसरीला दस्तऐवज लिहिणारी म्हणून मोकळे होता येत नाही. अक्षरे गावच्या मुलांनी लिहिली होती, तीही १९४४ च्या लोन पाइनचा इतिहास होती. अंगठा एका गरीब कुटुंबाच्या तंबूचा खांब धरून होता. माझ्या मते त्याला त्या चौकटीत जागा होती, आणि तो काढल्याने चित्र अधिक रेखीव आणि थोडे कमी खरे झाले. अक्षरांबद्दल माझे मन अजून दोन्हीकडे जाते. निसर्गदृश्य म्हणून मी अ‍ॅडम्स यांच्या बाजूचा आहे. उद्या लोन पाइनच्या शाळेचा इतिहास लिहायला बसलो तर नसेन.

दोन्ही बदल आज आपल्याला माहीत आहेत, त्याची कारणे मात्र वेगळी आहेत. एका ठिकाणी बदल करणाऱ्यानेच लिहून ठेवले. दुसऱ्या ठिकाणी अंगठा असलेली जुनी प्रत कुणीतरी फेकली नाही. माझ्या तीन संध्याकाळच्या उद्योगाची फाइल मी तिन्ही थरांसकट ठेवली आहे, मूळ, ठिगळ आणि करडा नकाशा. तिच्या नावात बदल कुठे केला ते लिहिले आहे, आणि अंगठा नसलेली वेगळी प्रत काढलेली नाही.